शनिवारचं ट्रेनिंग आणि एकेचाळिसावा तास

"या शनिवारी सकाळी ९ ते १ सीपीआर आणि प्रथमोपचाराचं ट्रेनिंग आहे. सगळ्यांनी यायचं आहे." न्यू जर्सीतल्या एका डे-केअरमध्ये काम करणाऱ्या ताईंनी फोनवरचा हा मेसेज मला दाखवला. त्याच्याखाली आणखी एक होता: लहान मुलांवरच्या अत्याचाराची खबर कशी द्यायची, याचा ऑनलाइन अभ्यासक्रम शुक्रवारपर्यंत घरी पूर्ण करा. ताईंनी दोन्ही केलं. पगाराची स्लिप आली तेव्हा तिच्यात शनिवारचे चार तास 'ट्रेनिंग' अशा वेगळ्या ओळीत, नेहमीच्या दराने लावलेले होते. ऑनलाइन अभ्यासक्रमाचा कुठे उल्लेख नव्हता. ताई म्हणाल्या, "शनिवारचे पैसे तर दिलेत. मग तरी काही राहिलंय का?"

राहिलं होतं, आणि तेही दोन ठिकाणी. मी इथल्या छोट्या व्यवसायांची पगारपत्रकं सांभाळतो. ही चूक मी डे-केअरमध्ये पाहिली आहे, मोटेलमध्ये पाहिली आहे, दवाखान्याच्या स्वागतकक्षातही पाहिली आहे. अमेरिकेत तासावर काम करणारी आणि तासावर माणसं कामाला ठेवणारी, दोन्ही बाजूंची मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. एच-फोर व्हिसावर वर्क परमिट मिळाल्यावर कित्येकींची पहिली नोकरी अशाच ठिकाणी असते. म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडतो.

इथे मुळात प्रश्न एकच आहे: ट्रेनिंगची ती वेळ कायद्याच्या नजरेत कामाची वेळ आहे की नाही? नसेल तर पगार देणं बंधनकारक नाही. असेल, तर दोन गोष्टी आपोआप होतात. त्या तासांचा पगार द्यावा लागतो, आणि ते तास आठवड्याच्या ४० तासांच्या बेरजेत धरावे लागतात. पगार द्यायचा पण बेरजेत धरायचं नाही, असा मधला रस्ता नाही. ताईंच्या मालकिणीने नेमका तोच मधला रस्ता धरला होता, आणि तोही प्रामाणिकपणे, आपण काही चुकतोय याची कल्पना नसताना.

ज्या कायद्यावर हे उभं आहे तो फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट, १९३८ सालचा. आठवड्याची मर्यादा सुरुवातीला ४४ तासांची होती, ती १९४० पासून ४० वर आली. भारतातल्या कारखान्यांत १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या पलीकडे दुप्पट दर मिळायचा. तो हिशोब डोक्यात ठेवून इथे आलेले लोक गोंधळतात. इथल्या केंद्रीय कायद्यात दर दीडपट आहे, आणि मोजायचा तो दिवस नाही, आठवडा. एखाद्या दिवशी १२ तास काम झालं पण आठवडा ४० च्या आत राहिला, तर केंद्रीय कायद्याने ओव्हरटाइम नाही. न्यू जर्सीचा कायदाही याच बाबतीत ४० तासांचा आठवडाच धरतो.

ट्रेनिंग काम कधी नसतं

ट्रेनिंग, व्याख्यान किंवा बैठकीची वेळ कामात न धरण्यासाठी श्रम खात्याच्या नियमांत चार अटी आहेत. ती नेहमीच्या कामाच्या वेळेबाहेर असली पाहिजे. येणं खरोखर ऐच्छिक असलं पाहिजे. विषयाचा माणसाच्या सध्याच्या कामाशी थेट संबंध नसला पाहिजे. आणि तिथे बसल्या बसल्या त्याच्याकडून मालकाचं कुठलंही काम करून घेतलेलं नसलं पाहिजे. या चारही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. एक जरी सुटली तरी ती वेळ कामाची ठरते. पहिली अट तेवढी पुरी झाली की लोक थांबतात: "शनिवारी होतं ना, ड्यूटीत कुठे होतं?" पण शनिवार असणं ही चारातली फक्त एक अट झाली.

खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीत होते.

ऐच्छिक म्हणजे काय, यावर नियम स्पष्ट आहे. मालकाने यायलाच सांगितलं असेल तर ते ऐच्छिक नाही, हे उघडच आहे. पण तसं शब्दांत सांगितलं नसलं, आणि न आल्यास नोकरीवर किंवा कामाच्या परिस्थितीवर वाईट परिणाम होईल असं माणसाला वाटायला लावलं असेल, तरीही ते ऐच्छिक राहत नाही. म्हणून मेसेजमध्ये 'ऑप्शनल' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. शनिवारी न आलेल्यांना पुढच्या आठवड्यात कमी तास मिळाले का? सहीचा कागद फिरवून गैरहजर कोण ते लिहून घेतलं का? "सर्टिफिकेट नसेल तर खोलीत एकटीला ठेवता येणार नाही" असं कोणी म्हणालं का? या प्रश्नांची उत्तरं त्या एका शब्दापेक्षा जास्त वजनाची आहेत. ताईंच्या बाबतीत तर 'सगळ्यांनी यायचं आहे' हे लेखीच होतं, त्यामुळे निकाल तिथेच लागला.

कामाशी थेट संबंध याचा अर्थ, आज जे काम करता तेच अधिक चांगलं करता यावं म्हणून दिलेलं शिक्षण. श्रम खात्याने यासाठी दिलेलं उदाहरण जुन्या काळातलं असलं तरी फार बोलकं आहे. लघुलेखिकेला मालकाने लघुलेखनाचाच वर्ग लावून दिला, तर तिची ती वेळ कामाची. तिने हिशेबनिशीचा वर्ग केला, तर त्याचा तिच्या कामाशी थेट संबंध नसू शकतो, कारण ती दुसऱ्या कामाची तयारी झाली. डे-केअरमधल्या शिक्षिकेला घशात घास अडकलेल्या मुलाला कसं सोडवायचं हे शिकवणं म्हणजे लघुलेखिकेला लघुलेखन शिकवण्यासारखंच आहे.

मालकांकडून इथे एक युक्तिवाद नेहमी येतो: "हे मी नाही सांगितलं, सरकारने सांगितलंय. परवान्यासाठी लागतं." तो अपुरा आहे. नियम सरकारचा असेल, पण तुमच्या केंद्रात काम चालू ठेवण्यासाठी ते करणं भाग आहे, आणि तुम्हीच तारीख ठरवून माणसांना पाठवता आहात. मग त्यात ऐच्छिक काय उरलं? एखादी नर्स स्वतःचा परवाना टिकवण्यासाठी, कुणी न सांगता, स्वतः निवडलेल्या कॉलेजात संध्याकाळी अभ्यासक्रम करते, ती गोष्ट वेगळी. आपल्या पुढाकाराने, कामाच्या वेळेबाहेर, स्वतंत्र शाळा-कॉलेजात केलेलं शिक्षण कामाच्या विषयाचं असलं तरी कामाची वेळ ठरत नाही. या दोन टोकांच्या मधली प्रकरणं असतात, आणि तिथे पुढाकार कोणाचा होता हे पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

घरी, रात्री, लॅपटॉपवर

ऑनलाइन अभ्यासक्रमाबद्दल दोन्ही बाजूंचा एक समज असतो की घरी बसून केलेलं ते काम नव्हे. जागेचा इथे काही संबंध नाही. मालकाने करायला सांगितलं, किंवा आपला माणूस ते करतोय हे माहीत असून करू दिलं, की ती वेळ कामाची. ताईंनी मुलं झोपल्यावर रात्री साडेनऊ ते अकरा बसून तो अभ्यासक्रम संपवला. पडद्यावर 'एक तास' लिहिलेलं होतं. त्यांना दीड तास लागला, कारण शेवटची प्रश्नावली दुसऱ्यांदा द्यावी लागली. मोजायचे ते दीड तास, जाहिरातीतला एक तास नव्हे. माणसं जाणूनबुजून वेळ लावतात असं मालकाला वाटत असेल, तर त्याने ते केंद्रात, ड्यूटीच्या वेळेत करायला लावावं. घरी करायला लावून तासही स्वतःच ठरवायचे, असं चालणार नाही.

सुदैवाने असे अभ्यासक्रम लॉगिनची आणि पूर्ण झाल्याची वेळ नोंदवून ठेवतात. ते पान उघडून त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. नोकरी सुटली की लॉगिन बंद होतं आणि पुरावा हातातून जातो. मालकांनाही हेच सांगेन. घरी केलेल्या ट्रेनिंगसाठी एक साधा कागद ठेवा, त्यावर तारीख, सुरुवात, शेवट आणि सही. ज्याचे तास लिहिलेले नसतात, त्याच्या बाबतीत चौकशीच्या वेळी कामगाराच्या आठवणीतले तास ग्राह्य धरले जाण्याची शक्यता असते.

प्रवासाचंही थोडक्यात सांगतो. घरून थेट गावातल्याच ट्रेनिंगला गेलात तर ते रोज कामावर जाण्यासारखंच, त्याचे पैसे नाहीत. पण दिवसाची ड्यूटी संपवून केंद्रातून ट्रेनिंगच्या जागी गाडी हाकत गेलात, तर तो प्रवास त्या दिवसाच्या कामाचा भाग आहे. एका दिवसासाठी दुसऱ्या शहरात पाठवलं असेल, तर नेहमीच्या येण्याजाण्याची वेळ वजा करून उरलेला प्रवास धरायचा.

ताईंचा आठवडा

आता त्यांची स्लिप घेऊ. दर तासाला १८ डॉलर. केंद्राचा पगाराचा आठवडा रविवार ते शनिवार. सोमवार ते शुक्रवार मिळून ३८ तास काम, बुधवारी रात्रीचे ऑनलाइनचे दीड तास, शनिवारचे ४ तास. एकूण साडेत्रेचाळीस.

पहिल्या ४० तासांचे १८ प्रमाणे ७२० डॉलर. वरच्या साडेतीन तासांना दीडपट दर, म्हणजे २७ डॉलर. ते झाले ९४.५०. एकूण ८१४.५० डॉलर. स्लिपमध्ये होते ३८ आणि ४ मिळून ४२ तास, सगळे १८ ने: ७५६ डॉलर. फरक ५८.५० डॉलरचा. त्यातले २७ डॉलर म्हणजे न धरलेल्या दीड तासाचा साधा पगार. उरलेले ३१.५० हे साडेतीन तासांवरचा वरचा अर्धा दर. ही रक्कम दोन भागांत सांगण्याचं कारण असं की चुकाही दोन वेगळ्या जागी झाल्या होत्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या दुरुस्त कराव्या लागतात.

ऑनलाइनची चूक माणसाची होती; तास कोणी कळवलेच नाहीत. शनिवारची चूक मात्र पगाराच्या प्रोग्राममध्ये बसलेली होती. अशा प्रोग्राममध्ये कमाईच्या प्रत्येक प्रकारापुढे एक खूण असते: हे तास ओव्हरटाइमच्या बेरजेत घ्यायचे की नाही. पगारी रजेपुढे ती खूण नसते, आणि ते बरोबरच आहे, कारण रजेचे तास काम केलेले नसतात. मालकिणीने 'ट्रेनिंग' हा नवा प्रकार उघडताना रजेच्या प्रकाराची नक्कल केली होती. खूण आली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक ट्रेनिंगचे तास पैसे मिळवून देत राहिले, पण ४० च्या बेरजेत कधी आलेच नाहीत. तुम्ही मालक असाल तर पगार करणाऱ्याला आधी ही एक खूण तपासायला सांगा. तुम्ही कामगार असाल तर स्लिपवर एवढंच करा: रजा आणि सणाचे तास सोडून बाकी सगळ्या ओळींचे तास मिळवा. एका आठवड्याची बेरीज ४० च्या वर गेली आणि दीडपट दराची ओळ कुठेच नसेल, तर विचारायला जागा आहे.

'एका आठवड्याची' हे शब्द सोडू नका. पगार पंधरवड्याने होत असला तरी प्रत्येक आठवडा स्वतंत्र मोजायचा असतो. ताईंच्या पुढच्या आठवड्यात ३६ तास झाले. साडेत्रेचाळीस आणि छत्तीस मिळून साडेएकोणऐंशी, म्हणजे ८० च्या आत. म्हणून ओव्हरटाइम नाही, असं म्हणता येत नाही. एका आठवड्याचा तुटवडा दुसऱ्याचं आधिक्य खात नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण हक्काचा हिशोब करताना नसलेला हक्क मागितला की असलेल्याचंही वजन कमी होतं. त्या आठवड्यात ताईंनी सोमवारी ८ तासांची पगारी रजा घेतली असती, तर काम ३० तास, ट्रेनिंग साडेपाच, एकूण साडेपस्तीस. स्लिपवर साडेत्रेचाळीस तासांचा पगार दिसला असता, पण दीडपट काहीच नसतं, आणि ते योग्य असतं. ट्रेनिंगचे पैसे साध्या दराने मिळणं ही चूक तेव्हाच, जेव्हा प्रत्यक्ष काम ४० च्या पुढे जातं.

मालकाला काय करता येतं

शनिवारचं ट्रेनिंग म्हणजे ओव्हरटाइम आलाच, असं नाही. त्याच आठवड्यात माणसाला तेवढे तास आधी घरी सोडता येतं. शनिवारी ४ तास बसायचं असेल तर गुरुवार-शुक्रवारी दोन-दोन तास लवकर सोडा, बेरीज ४० च्या आत राहील. मात्र पुढच्या आठवड्यात बदली सुट्टी देऊन या आठवड्याचा ओव्हरटाइम फेडणं खासगी नोकरीत चालत नाही. सरकारी नोकऱ्यांत तशी सोय आहे, आणि तिथलं ऐकूनच बहुतेक जण ती आपल्या दुकानात आणतात. आठवडा कुठल्या वारी सुरू होतो हे एकदा ठरलं की ट्रेनिंग आलं म्हणून तो वार सरकवणंही चालत नाही.

ट्रेनिंगला वेगळा, कमी दर ठेवता येतो का? येतो. पण तो आधी ठरलेला आणि कळवलेला असला पाहिजे, शक्यतो लेखी, आणि राज्याच्या किमान वेतनाच्या खाली नसला पाहिजे. न्यू जर्सीत २०२५ मध्ये बहुतेक नोकऱ्यांसाठी ते १५.४९ डॉलर होतं, आणि ते दरवर्षी बदलतं. समजा, ताईंशी ट्रेनिंगसाठी आधीच १६ डॉलर ठरले असते. मग ३८ तासांचे ६८४ आणि साडेपाच तासांचे ८८, मिळून ७७२ डॉलर. त्याला साडेत्रेचाळीसने भागलं की सरासरी दर येतो साधारण १७.७५. साधा पगार ७७२ मध्ये आलेलाच आहे, म्हणून साडेतीन तासांवर त्या सरासरीचा अर्धा भाग वर द्यायचा. ते सुमारे ३१.०६ डॉलर. एकूण ८०३.०६. म्हणजे दर कमी केला तरी ओव्हरटाइम गेला नाही, आणि मालकाची बचत झाली जेमतेम साडेअकरा डॉलरची. एवढ्यासाठी हा गुंता करावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझ्या गिऱ्हाइकांना करू नका असंच सांगतो.

त्याहून धोक्याची पद्धत म्हणजे ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येकाला ठरावीक ५० डॉलर देऊन विषय मिटवणं. तास न पाहता दिलेली अशी ठोक रक्कम ओव्हरटाइमच्या खात्यात जमा धरता येत नाही. उलट ती दराच्या गणितात मिसळावी लागते. आणि ट्रेनिंगची फी माणसाच्या पगारातून कापल्यामुळे किमान वेतन किंवा ओव्हरटाइम कमी पडत असेल, तर तेही नियमात बसत नाही.

आणखी एक गैरसमज. "आमच्याकडे सगळ्यांना महिन्याचा पगार आहे, तासाचा नाही." नुसत्या पगारामुळे ओव्हरटाइम जात नाही. सूट मिळायला केंद्रीय नियमाने आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार हवा, आणि काम खरोखर व्यवस्थापनाचं, प्रशासनाचं किंवा उच्च शिक्षणाच्या व्यवसायाचं हवं. सॉफ्टवेअरमध्ये असलेले आपले बरेच लोक या सवलतीत येतात; त्यांना शनिवारच्या ट्रेनिंगचा वेगळा मोबदला कायद्याने मिळत नाही. त्याच घरातली, दवाखान्याच्या खिडकीशी बसणारी बायको मात्र बहुधा त्यात येत नाही, तिला पगार महिन्याचा मिळत असला तरी.

राज्य बदललं की गणित बदलू शकतं. कॅलिफोर्नियात दिवसाच्या आठ तासांच्या पुढेही दीडपट लागतो, त्यामुळे आठ तासांच्या ड्यूटीनंतरचं दोन तासांचं ट्रेनिंग आठवडा कितीही रिकामा असला तरी ओव्हरटाइम ठरतं. रुग्णालयं आणि नर्सिंग होम यांना केंद्रीय कायद्याने, कामगारांशी आधी ठरवून, १४ दिवसांचा हिशोब ठेवता येतो. तिथे दिवसाच्या ८ किंवा १४ दिवसांच्या ८० तासांवरचा ओव्हरटाइम मोजतात. तिथल्या माणसांनी आपल्याला कोणती पद्धत लागू आहे, हे आधी विचारून घ्यावं. डे-केअरबद्दल मात्र एक गोष्ट पक्की आहे: व्यवसाय लहान आहे म्हणून केंद्रीय कायदा लागत नाही, असं तिथे म्हणता येत नाही. शाळा, शाळापूर्व केंद्रं, रुग्णालयं यांना उलाढाल कितीही असो, तो लागतोच.

मागायचं कसं

आधी लिहून विचारा, आणि आरोप न करता. ताईंनी पाठवलेला मजकूर असा होता: "बुधवारी रात्री मी ९.३० ते ११ ऑनलाइन ट्रेनिंग केलं, स्क्रीनशॉट जोडला आहे. शनिवारी ४ तास ट्रेनिंग झालं. माझ्या हिशोबाने या आठवड्यात ४३.५ तास होतात. कृपया पगार तपासावा." चार वाक्यं, चार आकडे, एक पुरावा. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं, कारण बहुतेक मालक बुडवायला बसलेले नसतात. त्यांना नियम माहीत नसतो.

उत्तर आलं नाही तर केंद्रीय श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाला १-८६६-४८७-९२४३ वर फोन करता येतो. तक्रार करणाऱ्याचं नाव तिथे गुप्त ठेवतात. न्यू जर्सीच्या श्रम खात्याकडेही वेतनाचा दावा लावता येतो. केंद्रीय कायद्याने मागची दोन वर्षं, आणि मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन वर्षं मागता येतात. न्यू जर्सीत २०१९ पासून ही मुदत सहा वर्षांची आहे. केंद्रीय कायद्यात न्यायालय थकलेल्या रकमेएवढीच आणखी रक्कम भरपाई म्हणून देववू शकतं. तक्रार केली म्हणून तास कमी करणं किंवा काढून टाकणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि ज्या भीतीने सगळ्यात जास्त लोक गप्प बसतात, तिच्याबद्दल: केलेल्या कामाच्या पगाराचा हक्क व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून नाही.

"ट्रेनिंगचे पैसे नकोत" असं लिहून सही घेतली असेल, तरी त्या कागदाने किमान वेतनाचा आणि ओव्हरटाइमचा हक्क सुटत नाही. मैत्रीखातर, घरोबा आहे म्हणून, मंडळात रोजची भेट होते म्हणून अशा सह्या आपल्याकडे सहज होतात. त्या मागणाऱ्याचंही भलं करत नाहीत. उद्या चौकशी आली तर तोच कागद मालकाला नियम माहीत होता याचा पुरावा होतो.

ताईंच्या मालकिणीने मेसेज वाचून मला फोन केला. आम्ही ती खूण दुरुस्त केली. मग तिने जुन्या हजेरीपटांवरून गेल्या दोन वर्षांतली सगळी ट्रेनिंगं काढली आणि प्रत्येक आठवडा नव्याने मोजला. काही आठवडे ४० च्या आतच निघाले, तिथे काही देणं नव्हतं. जिथे निघालं तिथे केंद्रातल्या सातही जणींना फरकाचा चेक, सोबत कोणत्या आठवड्याचा किती हे लिहिलेला कागद. पुढचं सीपीआर तिने शनिवारीच ठेवलं आहे, पण त्याच आठवड्याच्या वेळापत्रकात गुरुवारी आणि शुक्रवारी कोण किती वाजता निघणार हे आता आधीच लिहिलेलं आहे.